चिकूचा ओटा: अन्नचोरी आणि कचऱ्याच्या डब्याचं एक प्रकरण

चिकू हा तीन वर्षांचा लॅब्रॅडोर नर, नसबंदी झालेला, वजन 34 किलो. ठाण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात नोकरी करणारं जोडपं, त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा आणि आजी. सकाळी दहा ते बारा स्वयंपाकाच्या मावशी येतात. हे घर प्रातिनिधिक आहे: अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा दिसणारे तपशील एका कुत्र्याभोवती गोळा केले आहेत.

तक्रार साधी होती. ओट्यावर काही ठेवायची सोय उरली नव्हती. पोळ्या, भिजवलेली कणीक, शिजवून गार करायला ठेवलेली अंडी, एकदा अर्धा किलो लोणी कागदासकट. रात्री ओल्या कचऱ्याचा डबा आडवा पडलेला आणि हॉलभर भाज्यांची देठं. रागावून झालं, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवून झाली, नाक कचऱ्याजवळ नेऊन ओरडून झालं. घरच्यांचं म्हणणं असं की, "त्याला कळतं आपण चुकलो ते. आम्ही दार उघडलं की कान पाडून कोपऱ्यात बसतो."

सुरुवात कुठे झाली

पहिला प्रश्न नेहमी हाच विचारावा की कुत्रा पहिल्यापासून असा आहे की अलीकडे झाला. चिकूच्या बाबतीत उत्तर नेमकं मिळालं. आठ महिन्यांपूर्वी, पावसाळ्यात, त्याच्या अंगाला प्रचंड खाज सुटली होती आणि पशुवैद्यांनी काही दिवस प्रेडनिसोलोन दिलं होतं. या स्टेरॉइडने तहान आणि भूक दोन्ही वाढतात. त्या काळात चिकूने पहिल्यांदा ओट्यावर पाय टाकले, पहिली पोळी मिळाली आणि शोध लागला. औषध संपलं, भूक पूर्ववत झाली, शोध मात्र राहिला.

म्हणूनच भूक अचानक वाढलेल्या कुत्र्याला आधी शिकवणीला बसवू नये, आधी तपासून घ्यावं. जंत, मधुमेह, कुशिंग्ज म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल जास्त तयार होण्याचा आजार, स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडणं, स्टेरॉइड किंवा फिट्ससाठीचं फिनोबार्बिटल यांपैकी काहीही मागे असू शकतं. खाऊनही वजन उतरत असेल, पाणी पिणं आणि लघवी वाढली असेल, शी मऊ, तेलकट आणि ढीगभर होत असेल, तर शिकवणीने काही साधणार नाही. औषध हेच कारण असेल तर ते आपल्या मनाने बंद करायचं नाही. स्टेरॉइड टप्प्याटप्प्यानेच उतरवावं लागतं. चिकूच्या तपासण्या ठीक निघाल्या, फक्त वजन चार किलो जास्त होतं.

जातीचाही भाग आहे. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी लॅब्रॅडोरमधला पीओएमसी नावाच्या जनुकातला एक बदल प्रसिद्ध केला. साधारण दर चार लॅब्रॅडोरांमागे एकात तो आढळतो आणि अशी कुत्री खाण्यामागे जास्त असतात, वजनानेही भारी असतात. चिकूची जनुकीय तपासणी झालेली नाही आणि करायची गरजही नाही. मात्र "याचं पोटच भरत नाही" हे वाक्य काही लॅब्रॅडोरांच्या बाबतीत बरंचसं खरं असतं, हे घरच्यांना सांगितल्यावर त्यांचा राग थोडा उतरला.

दहा दिवसांची वही

उपाय सुरू करण्याआधी दहा दिवस वही ठेवली. प्रत्येक प्रयत्नाची नोंद: वेळ, जागा, काय होतं, घरात कोण होतं, काही मिळालं का. ओट्याच्या कडेवरचे पंजाचे ठसे आणि लाळेचे डागही मोजले, कारण काही न मिळालेले प्रयत्न एरवी कोणाच्या लक्षात येत नाहीत.

सतरा नोंदी झाल्या. त्यांतल्या अकरा दुपारी बारा ते दीडच्या मधल्या. मावशी गेलेल्या, पोळ्या ताटाखाली ओट्यावर, आजी हॉलमध्ये, त्यांचं जेवण सव्वाला. चार नोंदी रात्रीच्या, सगळ्या कचऱ्याच्या डब्याच्या. उरलेल्या दोन माणसांसमोरच्या: एक मुलाच्या बशीतून, एक डायनिंग टेबलवरून. सतरापैकी तेरा वेळा चिकूला काही ना काही मिळालं होतं.

या आकड्यांतून घरच्यांना न दिसलेली एक गोष्ट दिसली. स्वयंपाकघरातल्या पंधरा नोंदींपैकी एकाही वेळी तिथे माणूस नव्हतं. आठ महिने रागावून चिकूला एवढंच शिकवलं गेलं होतं की माणूस असताना ओट्याला हात लावायचा नाही. माणूस गेलं की धोका गेला. तो अतिशय नीट शिकला होता, फक्त भलताच धडा.

कान पाडून बसण्याचंही तेच. 2009 साली कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हे प्रयोग करून पाहिलं. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नव्हता याचा त्या "अपराधी" चेहऱ्याशी संबंध नव्हता. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा, आणि काहीच न केलेल्या कुत्र्यांवर रागावल्यावर तर अधिकच. चिकू दार उघडताना वाचत होता तो माणसाचा चेहरा. तीन तासांपूर्वीच्या पोळीशी त्याने त्याची सांगड घातलेली नव्हती.

आधी दुकान बंद

तेरा वेळा मिळणं ही मजुरी झाली. ती चालू असताना दुसरं काहीही शिकवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. त्यामुळे पहिला आठवडा शिकवणीचा नव्हता, बंदोबस्ताचा होता. आपल्या आज्यांना हे नवीन नाही. दूध-लोणी छताला टांगलेल्या शिंक्यावर ठेवायच्या त्या, मांजराला प्रवचन द्यायच्या नाहीत.

फ्लॅटच्या स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसती चौकट होती. तिथे लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक लावलं. बाजारातली बरीचशी फाटकं पाऊण मीटरच्या आसपास उंच असतात. लॅब्रॅडोरला ती सहज ओलांडता येतात, तरी बहुतेक कुत्री उडी मारून बघत नाहीत. पण एकदा जमलं की ते फाटक संपलं, म्हणून चिकूसाठी एक मीटर उंचीचं, आपोआप मिटणारं घेतलं. नुसतं चौकटीत दाबून बसवलेलं फाटक 34 किलोंच्या धक्क्याने सरकतं, म्हणून ते स्क्रूने भिंतीला पक्कं केलं.

आपोआप मिटणारं का, याचं उत्तर मावशींनी पहिल्याच दिवशी दिलं. "ताई, दोन्ही हात भरलेले असतात हो, ते दार कोण लावणार?" बंदोबस्त फसतो तो नेहमी अशा जागी. कुत्र्यापेक्षा घरातल्या सगळ्यात घाईच्या माणसाच्या सोयीने त्याची रचना करावी लागते.

दुसरी गोष्ट ओटा. साधा ओटा सुमारे 80 ते 85 सेंटीमीटर उंच आणि दोन फूट खोल असतो. मागच्या पायांवर उभा राहिलेला चिकू त्याची कड ओलांडून दीड फूट आतपर्यंत पोचत होता, हे लाळेच्या डागांवरून कळलं. "मागे सरकवून ठेवणे" हा उपाय तिथेच बाद झाला. पोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून मायक्रोवेव्हच्या आत, कणीक फ्रिजमध्ये, भाजीची पातेली वरच्या कपाटात किंवा बंद ओव्हनमध्ये. जाण्याआधी सिंकमधल्या ताटांचं खरकटं काढून पाणी सोडायचं आणि ओटा साबणाच्या फडक्याने पुसायचा. कोरडं फडकं तेलाचा वास तसाच ठेवतं, आणि रिकामा पण वासाचा ओटा कुत्र्याला चाटायला पुरतो. चाटायला मिळणं हेही मिळणंच.

आणि शेगडी. ओट्यावर चढणाऱ्या मोठ्या कुत्र्याचा पंजा गॅसच्या बटणावर पडून ते फिरू शकतं. पेटती शेगडी किंवा नुसता सुटलेला गॅस, दोन्ही वाईट. मावशी निघाल्या की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, पाइपचा गॅस असेल तर शेगडीमागचा कॉक आडवा. या एका सवयीबद्दल घासाघीस करू नये.

डब्याची गोष्ट वेगळी

ओटा आणि डबा यांत एक फरक आहे. ओट्यावरून कुत्रा बहुधा अन्न पळवतो. डब्यातून तो अन्नाचा वास लागलेलं काहीही पळवतो, आणि दवाखान्याची पायरी चढायला लावतो तो डबा. मक्याच्या कणसाचा बुरकुंडा, आंब्याची कोय, शिजलेली हाडं, चिकनला बांधलेला दोरा, कबाबाची काडी, सॅनिटरी पॅड. बुरकुंडा आणि कोय पोटात विरघळत नाहीत, आतड्यात अडकतात आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेनेच निघतात. सुका कचरा निरुपद्रवी समजला जातो, तो तसा नाही. वेफर्सच्या रिकाम्या पाकिटात तोंड घातलेल्या कुत्र्याने श्वास ओढला की पाकीट नाकाला चिकटतं आणि कुत्रा गुदमरून मरू शकतो. पाकीट टाकण्याआधी खालून आणि बाजूने फाडून सपाट करावं.

चिकूच्या घरी पायाने उघडायचा हलका प्लास्टिकचा डबा होता. असा डबा म्हणजे कुत्र्यासाठी आमंत्रणच: आडवा पाडला की झाकण आपोआप उघडतं. झोक्यासारखं हलणारं झाकण त्याहून वाईट, ते नाकाने ढकलायलाच बनलेलं असतं. त्यावर वीट ठेवणं हा अर्धवट उपाय आठवडाभर चालतो, मग वीट पायावर पडते. नवा डबा घेण्याऐवजी जुनेच डबे सिंकखालच्या कपाटात गेले आणि कपाटाला आतून लागणारं चुंबकी कुलूप बसवलं, लहान मुलांच्या घरात वापरतात ते. चुंबकाची चावी फ्रिजला चिकटलेली. बाथरूमच्या डब्यासाठी वेगळं काही केलं नाही, बाथरूमचं दार बंद ठेवायचा नियम झाला.

राहिला वास. मासळीची खवली, कोळंबीची सालं, कोंबडीची हाडं रात्रभर डब्यात ठेवली तर कुलूप असूनही कुत्रा कपाट खरवडत बसतो. ती घट्ट डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाकायची आणि सकाळी कचरागाडीच्या वेळी बाहेर काढायची. ओल्या कचऱ्याची बादली आदल्या रात्री फ्लॅटच्या दाराबाहेर ठेवायची पद्धतही बंद झाली, कारण रात्री फिरायला नेताना चिकूची पहिली धाव तिच्याकडेच असे.

पहिल्या आठवड्यात आहारही बदलला. सकाळचं जेवण नऊ ऐवजी साडेअकराला, म्हणजे मावशींच्या पोळ्या चालू असताना त्याचं पोट भरू लागायचं. रोजच्या कोरड्या खाण्यातला तिसरा हिस्सा वाटीत न देता चाटायच्या मॅटवर किंवा आत खाऊ भरायच्या रबरी खेळण्यात, थोडा दुधीचा गर मिसळून गोठवून, बारा वाजता द्यायचा. सतरापैकी अकरा नोंदींची वेळ अशी कामात गुंतली.

जागेवर

दुसऱ्या आठवड्यापासून शिकवणी. कुत्र्याला "चोरू नको" शिकवता येत नाही, कारण न करणं ही कृती नसते. त्या वेळी दुसरं काय करायचं ते शिकवावं लागतं. चिकूसाठी ते होतं फाटकाबाहेर दोन मीटरवर अंथरलेल्या गोधडीवर पडून राहणं. तिथून ओटा दिसतो, हे महत्त्वाचं. दिसत नसेल तर कुत्रा उठून बघायला येतो.

खाऊ म्हणजे बिनमिठाची उकडलेली कोंबडी, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. एका वेळी वीस तुकडे, ते संपले की शिकवणी संपली. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. हे तुकडे रोजच्या खाण्यातून वजा करायचे.

पहिल्या दिवशी गोधडीवर एक पाय पडला तरी तुकडा. चारही पाय आले, बसला, पडला, प्रत्येक टप्प्याला तुकडा, आणि तो हातातून न देता गोधडीवर, पुढच्या दोन पायांच्या मधे ठेवायचा. खाऊ जिथे मिळतो तिथे कुत्रा जाऊन राहतो, त्यामुळे माणसाच्या हाताऐवजी गोधडी मोलाची झाली पाहिजे. तिसऱ्या दिवसापासून "जागेवर" हा शब्द, चिकू निघायच्या बेतात असताना एकदाच. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची पायरी, लागोपाठ दोनदा चुकलं की एक पायरी खाली. घरात सगळ्यांनी हा एकच हिशेब पाळायचा.

मग वेळ वाढवली: 3 सेकंद, 5, 10, मधेच पुन्हा 2, मग 20. सरळ चढत गेलेली वेळ कुत्र्याला कळते आणि तो लवकर कंटाळतो, म्हणून मधे सोपे डाव ठेवायचे. वेळ मिनिटभर झाल्यावर स्वयंपाकघराचे आवाज आणले: पोळपाटावर लाटणं आपटणं, मिक्सर अर्धा सेकंद, फ्रिजचं दार. कुकरच्या शिटीला चिकू पाच दिवस अडला. तिथे वेळ पुन्हा तीन सेकंदांवर आणावी लागली. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची, नाहीतर कुत्रा चुकतो आणि नेमका कशाला चुकला ते आपल्यालाही कळत नाही.

याच काळात "राहू दे" शिकवलं. बंद मुठीत तुकडा, चिकू चाटेल, खरवडेल, काही बोलायचं नाही. नाक मागे घेतलं त्या क्षणी दुसऱ्या हातातून वेगळा तुकडा. मुठीतला कधीच नाही, हे काटेकोर. तो दिला तर "राहू दे" म्हणजे "थांब, मग मिळेल" असा अर्थ होतो, आणि ओट्यावरच्या पोळीसाठी थांबायला कुत्रा तयारच असतो. मग उघडा तळहात, मग जमिनीवर पायाखाली झाकायच्या तयारीत, मग फूटभर उंचीचं स्टूल, मग खुर्ची, मग टेबलाची कड. प्रत्येक उंची कुत्र्याला नवीन असते. जमिनीवर शहाणा असलेला कुत्रा स्टुलावर पुन्हा बालवाडीत जातो.

माणूस नसताना

वहीने दाखवलेली खरी अडचण माणसाच्या गैरहजेरीची होती, तेव्हा शिकवणीचा मुख्य भागही तोच. पाचव्या आठवड्यापासून रोज एकदा हा सराव.

ओट्यावर एक पोळी, तिच्यावर पालथी घातलेली जड लोखंडी कढई. वास येतो, हाती काही लागत नाही. फाटक उघडं, चिकू गोधडीवर. माणूस ओट्यापाशी एक पाऊल मागे सरकतं आणि लगेच परत येऊन गोधडीवर तुकडा ठेवतं. दोन पावलं. पाठ फिरवून. हॉलच्या कोपऱ्यापर्यंत. मग नजरेआड, एक सेकंद, आणि परत. नजरेआड जाणं ही सगळ्यात मोठी पायरी आहे. त्याआधी दहाही वेळा जमलेलं असावं. दाराआडून बघण्यासाठी एक फोन ओट्याकडे तोंड करून ठेवला आणि दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉल चालू केला. डोकं बाहेर काढून डोकावलं तर कुत्रा ते पकडतो आणि "अजून माणूस आहे" असं धरून चालतो.

चिकू उठला तर काय? ओरडायचं नाही. कढई असल्यामुळे त्याला काही मिळत नाही. शांतपणे परत यायचं, त्याला "जागेवर" म्हणायचं आणि पुढचा डाव निम्म्या वेळाचा. सातव्या आठवड्याच्या शेवटी चिकू नजरेआड दोन मिनिटं पडून राहू लागला, आठव्याच्या शेवटी सहा. त्यानंतर कढईच्या जागी पारदर्शक झाकणाचा जड डबा आला. उघडं अन्न आमिष म्हणून कधीच ठेवलं नाही. एका चुकीची किंमत आठवड्याभराची असते, आणि ती परीक्षा घेण्यात मालकाच्या समाधानापलीकडे काही मिळत नाही.

जिथे गाडी रुळावरून घसरली

तीन ठिकाणी.

पहिलं, नवव्या दिवशी. फाटक लागून आठवडा झाल्यावर चिकूने फाटकावर उड्या मारायला, भुंकायला, गज चावायला सुरुवात केली. घरच्यांना वाटलं उपाय उलटला. पण मजुरी बंद झाली की काम सोडण्याआधी प्रत्येक जण एकदा जोर लावून बघतो. या उसळीच्या दिवसांत फाटक उघडलं किंवा "बिचारा" म्हणून तुकडा दिला, तर कुत्रा शिकतो की एवढा जोर लावला की मिळतं. चार दिवस कान बंद केले, गोधडीवरचे तुकडे वाढवले, उसळी ओसरली.

दुसरं, सोळाव्या दिवशी. मावशी रजेवर, बदली बाईंना कोणी काही सांगितलेलं नाही, फाटक धोंडा लावून उघडं ठेवलेलं. सहा पोळ्या. तेल लावलेली एक पोळी साधारण शंभर कॅलरीची धरली तर चिकूच्या जवळजवळ अर्ध्या दिवसाचं खाणं. कॅलरीपेक्षा वाईट हे की दहा प्रयत्नांत एकदा मिळणारं बक्षीस दरवेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा सवय जास्त चिवट करतं, लॉटरीसारखं. पुढचे तीन दिवस ओट्यावर पुन्हा ठसे दिसले. त्यानंतर फाटकावर मराठीत आणि हिंदीत पाटी लागली.

तिसरी घसरण जास्त शिकवणारी आहे, कारण ती शिकवणीनेच निर्माण केली. सहाव्या आठवड्यात मुलाच्या लक्षात आलं की चिकू त्याच्याकडे बघत बघत टेबलावर पाय टाकतो, "खाली" म्हटलं की उतरतो आणि तुकड्याची वाट बघतो. मुलगा प्रत्येक वेळी "खाली" ऐकल्याबद्दल तुकडा देत होता. चिकूच्या दृष्टीने ते एकच गाणं होतं: चढ, उतर, खा. उपाय असा की चढल्यावर उतरण्याचं बक्षीस नाही. नुसतं दूर बोलवायचं, गोधडीवर पाठवायचं, तिथे निदान वीस सेकंद राहिला तर तुकडा. आणि चारही पाय जमिनीवर असताना, टेबलाजवळून नुसता चालत गेला तरी, न मागता द्यायचा. दहा दिवसांत नाटक थांबलं.

आजींचा घास हा याच रांगेतला. त्या जेवताना ताटातून चिकूला चतकोर देत. "अहो, एक घास दिला तर काय बिघडतं? मुकं जनावर आहे." भांडण करून हे सुटत नाही. आजींनी चतकोर द्यायचाच, पण जेवण झाल्यावर, उठून, गोधडीशेजारच्या त्याच्या वाटीत, आणि कांदा-लसणाच्या भाजीत न बुडवलेला. तिसऱ्या आठवड्यात चिकू आजी जेवायला बसल्या की स्वतःहून गोधडीवर जाऊन बसू लागला. घास तिकडे येतो हे त्याला कळलं होतं. आजींच्या मते तो आता "शहाणा झाला".

तोंडात काही असेल तेव्हा

पळवलेली वस्तू तोंडातून ओढणं, मागे धावणं, जबडा उघडणं, या तिन्हींनी कुत्रा ती जास्त पटकन गिळतो. काही कुत्री गुरगुरायला शिकतात, आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या घरात ते परवडत नाही. मुलाला एकच काम सांगितलं: "मोठ्यांना हाक मार आणि पाच तुकडे लांब जमिनीवर विखर." चिकू तुकडे वेचायला वळला की मोठ्या माणसाने वस्तू उचलायची. ही अदलाबदल आधी बिनमहत्त्वाच्या वस्तूंवर, खेळण्यांवर, रोज दोनदा सराव करून ठेवली होती.

गिळलंच तर काय गिळलं हे बघून धावपळ ठरते. द्राक्षं, बेदाणे, मनुका थोड्याही धोक्याच्या, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील याचा भरवसा नाही. शिरा, पुलाव, काही मोदकांचं सारण यांत त्या दिसतही नाहीत. कांदा-लसूण शिजवूनही निर्विष होत नाही, तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या अर्धा टक्का कांदा, म्हणजे चिकूसाठी साधारण 170 ग्रॅम, एका वेळी पोटात गेला की काळजीचं. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून "अजून ठीक आहे" यावर विसंबू नये. चॉकलेट जितकं गडद तितकं वाईट. झायलिटॉल असलेला बिनसाखरेचा च्युइंगगम सगळ्यात वेगवान, अर्ध्या तासातही रक्तातली साखर कोसळू शकते. यीस्ट घातलेली कच्ची कणीक पोटात फुगते आणि मद्यार्कही तयार करते. पशुवैद्यांना फोन करून कुत्र्याचं वजन, काय, किती आणि किती वाजता, या चार गोष्टी सांगायच्या, पाकीट सोबत न्यायचं. उलटी करवायची तर ती साधारण पहिल्या दोन तासांत आणि त्यांच्या सांगण्यावरून. मिठाचं पाणी पाजायचं नाही, त्यानेच विषबाधा होते.

सापळे का नकोत

मधेच कोणीतरी सुचवलं की ओट्याच्या कडेवर रिकामे डबे रचून ठेवा, कोसळले की घाबरेल. किंवा तिखट भुरभुरवा. डबे कोसळण्याने काही कुत्री खरंच थांबतात, पण ती डबे रचलेल्या ओट्यापुरती. डबे नाहीत असा दिवस कुत्रा ओळखतो. भित्रा कुत्रा ओटा न सोडता स्वयंपाकघराचा, भांड्यांच्या आवाजाचा, कधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाचाच धसका घेतो. तिखट डोळ्यांत जातं आणि ते अन्न खाल्लं तर पोट बिघडतं ते वेगळंच. चिकूच्या घरी हे केलं नाही.

बारा आठवड्यांनंतर

वही पुन्हा दहा दिवस ठेवली. प्रयत्न दोन, मिळालं शून्य. पैकी एक रात्री सिंकखालच्या कपाटापाशी, जिथे कोळंबीची सालं फ्रीझरमध्ये टाकायची राहून गेली होती. वजन 31 किलो 800 ग्रॅम.

फाटक काढायचं का, हा प्रश्न घरच्यांनी विचारला. नाही. माणूस घरात असेल तेव्हा उघडं चालेल, घर रिकामं असताना बंद. चिकू सहा मिनिटं राहतो म्हणून सहा तास राहील असं नाही, आणि तेवढा वेळ कोणी शिकवूही शकत नाही. गणपतीत दहा-बारा पाहुणे, खाली चटईवर मांडलेली पानं, हातात प्रसाद घेऊन फिरणारी मुलं, तेव्हा चिकू बेडरूममध्ये, गोठवलेल्या खेळण्यासह, दाराला आतून उघडणार नाही अशी कडी. सकाळी आधी एक तासाचं लांब फिरणं, वास घेत घेत. प्रसादाच्या शिऱ्यात त्या वर्षी बेदाणे घातले नाहीत. आजींनी काजू वाढवले.